विक्री: डायमंड की वेगळी एन्टिटी?

लेक्चरमध्ये ER डायग्राम काढायला दिलेला मजकूर: ‘रावेरचा शेतकरी अनेक व्यापाऱ्यांना केळी विकतो, व्यापारीही अनेक शेतकऱ्यांकडून घेतो. प्रत्येक विक्रीची तारीख, वजन, भाव नोंदवतात.’

बहुतेक जण ‘विकतो’ उचलून शेतकरी आणि व्यापारी या दोन चौकटींमध्ये नात्याचा डायमंड काढतात, M:N लिहितात, वजन-भाव त्यालाच जोडतात. दिसायला सुटसुटीत. पण त्याची प्रायमरी की शेतकरी क्रमांक आणि व्यापारी क्रमांक मिळून बनते. त्याच शेतकऱ्याने त्याच व्यापाऱ्याला पुढच्या कटाईचा माल दिला की दुसरी नोंद बसतच नाही. तारीख कीमध्ये घातली, तरी एका दिवशी दोन गाड्या भरल्या की पुन्हा तेच.

‘विक्री’ वेगळी एन्टिटी करून पावती क्रमांक प्रायमरी की ठेवला, तर शेतकरी-विक्री आणि व्यापारी-विक्री ही दोन्ही नाती 1:N होतात. एक चौकट वाढते, वाढू द्या. डायमंड मला पटतो तो जोडी एकदाच नोंदवायची असेल तेव्हाच.