बिलात 'फुल डिस्क एन्क्रिप्शन', लॅपटॉपमध्ये फक्त बायोसचा पासवर्ड

नाशिकमध्ये आमचं छोटं सीए ऑफिस आहे. अशिलांचे पॅन, बँक स्टेटमेंट, टॅलीचे बॅकअप असं सगळं लॅपटॉपवर असतं, म्हणून ऑफिसच्या आयटीचं काम बघणाऱ्या माणसाकडून आम्ही लॅपटॉप एन्क्रिप्ट करून घेतले. बिलात स्पष्ट लिहिलं होतं: 'फुल डिस्क एन्क्रिप्शन, प्रति लॅपटॉप २,५०० रुपये, जीएसटी वेगळा'. त्यानंतर लॅपटॉप चालू केला की विंडोज येण्याआधीच काळ्या पडद्यावर कुलपाचं चित्र यायचं आणि पासवर्ड विचारला जायचा. दिसायला अगदी भक्कम.

पुढे माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. डिस्क ठणठणीत होती, साधी फिरणारी, १ टीबीची. ती काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि ऑफिसमधल्या दुसऱ्या लॅपटॉपला लावली. पासवर्ड विचारेल, टाकू, फायली काढून घेऊ, असा हिशोब होता. पासवर्ड विचारलाच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती पूर्ण क्षमतेनिशी दिसत होती, पण शेजारी 'Not Initialized' असं लिहिलेलं, आणि काहीही केलं की आय/ओ एररच येत होती. मग डबी बाजूला ठेवून डिस्क त्या लॅपटॉपच्या आत बसवली. तो वेगळ्या कंपनीचा. तिथे पासवर्ड विचारला गेला, पण रोज टाकतो तोच पासवर्ड 'चुकीचा' ठरला.

आयटीवाल्याला फोन केला. त्याचं उत्तर तयारच होतं. "सर, एन्क्रिप्टेड डिस्क आहे, लॅबमध्ये डिक्रिप्ट करावी लागेल. अठरा हजार होतील, त्यातले निम्मे आधी."

रिटर्नची तारीख डोक्यावर होती, तरी पैसे देण्याआधी ओळखीच्या एका जुन्या हार्डवेअरवाल्या काकांकडे डिस्क नेली. त्यांनी ती लिनक्सच्या मशीनला थेट साटाच्या केबलने जोडली, एक कमांड दिली आणि पडद्यावरच्या शेवटच्या भागावर बोट ठेवलं:

```
hdparm -I /dev/sdb

Security:
        Master password revision code = 65534
                supported
                enabled
                locked
        not     frozen
        Security level high
```

"हे एन्क्रिप्शन नाही हो सर," ते म्हणाले. "हा डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरचा पासवर्ड आहे. दार बंद आहे, पण आतलं सामान जसंच्या तसं उघडं पडलंय."

त्यांनी समजावलं ते असं. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा लॅपटॉपचा स्वतःचा प्रोग्राम. त्यात 'हार्ड डिस्क पासवर्ड' लावला की बायोस तो डिस्कच्या सर्किटला कळवतो. पुढच्या वेळी वीज मिळाल्यावर डिस्क आपलं नाव आणि क्षमता सांगते, पण योग्य पासवर्ड मिळेपर्यंत एकही सेक्टर वाचू देत नाही. म्हणून विंडोजला ती दिसते, पण हाताळता येत नाही. पासवर्ड डिस्कला नेऊन देणं हे बायोसचं काम, विंडोजला त्यातलं काही कळत नाही. यूएसबीच्या बऱ्याच डब्या तर ही कुलपाची कमांड पुढे पाठवतच नाहीत, त्यामुळे तिथे पासवर्ड टाकायला जागाच मिळत नाही.

मग दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बरोबर पासवर्ड चुकीचा का ठरला? तर आपण जे टाइप करतो ते डिस्कपर्यंत तसंच पोचेल याची खात्री नसते. डिस्कला ३२ बाइट लागतात आणि ते कसे बनवायचे हे प्रत्येक लॅपटॉप कंपनी आपापलं ठरवते. कुणी अक्षरांऐवजी कीबोर्डवरच्या बटणांचे क्रमांक पाठवतं, कुणी पासवर्डचा हॅश काढून पाठवतं. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मॉडेलमध्येही पद्धत बदललेली असू शकते. त्यात पाच चुकीचे प्रयत्न झाले की वीज तोडून पुन्हा जोडेपर्यंत डिस्क बरोबर पासवर्डही घेत नाही.

काकांकडे दुरुस्तीला आलेला माझ्याच मॉडेलचा एक लॅपटॉप पडून होता. त्याच्या मालकाला विचारून त्यांनी त्यात माझी डिस्क बसवली. मी नेहमीचा पासवर्ड टाकला आणि विंडोज सुरू झालं. अठरा हजारांची 'लॅब' ती एवढीच.

पण खरी फसवणूक त्यानंतर उघडी पडली. काकांनी त्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये जाऊन पासवर्ड काढून टाकला, डिस्क पुन्हा यूएसबीच्या डबीत घातली आणि आधीच्याच लॅपटॉपला लावली. सगळी फोल्डरं समोर. ना पासवर्ड, ना की. खरं एन्क्रिप्शन असतं तर १ टीबी साधी डिस्क डिक्रिप्ट व्हायला तासन्‌तास लागले असते. इथे पासवर्ड निघाला आणि क्षणात सगळं वाचता आलं, कारण फिरणाऱ्या तबकड्यांवर सगळं आधीपासून उघडंच लिहिलेलं होतं.

वरच्या आउटपुटमधल्या दोन ओळीही काकांनी दाखवल्या. आपल्या पासवर्डखेरीज डिस्कला दुसरा एक मास्टर पासवर्डही असतो. 'level high' म्हणजे तो असणारा माणूसही कुलूप उघडू शकतो ('maximum' असेल तर मास्टरने फक्त डिस्क पुसता येते). आणि 65534 म्हणजे तो मास्टर बहुधा कारखान्यातून आला तसाच आहे. असे कारखान्यातले मास्टर पासवर्ड कितीतरी मॉडेलांचे इंटरनेटवर फिरतात. लॅपटॉप चोरीला गेला असता तर चोराला अशिलांचे पॅन मिळवायला फार घाम गाळावा लागला नसता.

आयटीवाल्याला जाब विचारल्यावर तो म्हणाला, "आजकालच्या डिस्क आतूनच एन्क्रिप्ट करतात, सर." काही एसएसडी करतात, हे खरं. आमची डिस्क मात्र त्यातली नव्हती. आणि एसएसडीवरही निर्धास्त राहता येत नाही. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडींमधलं हे आतलं एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय उघडून दाखवलं होतं. विंडोजमधलं एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकर, तोवर अशा डिस्कवर विसंबून स्वतः काही करत नसे. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बदललं आणि नव्या एन्क्रिप्शनसाठी सॉफ्टवेअरची पद्धत ठरवून टाकली.

ऑफिसच्या बाकीच्या लॅपटॉपवर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि हे चालवलं:

```
manage-bde -status C:

    Conversion Status:    Fully Decrypted
    Percentage Encrypted: 0.0%
    Encryption Method:    None
```

सगळीकडे हेच. 'एन्क्रिप्शन' म्हणून पैसे मोजले असतील तर तिथे १००% आणि 'XTS-AES 128' किंवा तसं काही दिसायला हवं. 'Hardware Encryption' दिसलं तर पुन्हा डिस्कच्याच भरवशावर आहात असं समजा. हा छापलेला आउटपुट आणि बिल समोर ठेवल्यावर त्या माणसाने पैसे परत केले, पण 'गैरसमज' हा शब्द काही सोडला नाही.

आता सगळीकडे बिटलॉकर आहे. त्याची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर विंडोज स्वतःच कुलूप दाखवतं आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. लॅपटॉपमध्ये की जपून ठेवणाऱ्या टीपीएम चिपशी डिस्कची जोडी तुटलेली असते, त्यामुळे रोजचा विंडोजचा पिन तिथे चालत नाही. पण की असेल तर कंपनी, मॉडेल, बायोस कुठलाही असो, डिस्क उघडते, अगदी विंडोज होमवरही. की हरवली तर मात्र कुठलीच लॅब उघडू शकत नाही, आणि पैसे घेऊन उघडून देतो म्हणणारा थापा मारतो. काम करून घेताच प्रत्येक लॅपटॉपची की मागून घ्या:

```
manage-bde -protectors -get C:
```

आमच्या कीचे छापील कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहेत.

तुमच्याकडे बायोसचाच डिस्क पासवर्ड लावलेला असेल, तर लॅपटॉप चालू आहे तोवरच बायोसमध्ये जाऊन तो काढून घ्या आणि मग बिटलॉकर लावा. बोर्ड गेल्यावर त्याच मॉडेलचा चालू लॅपटॉप हुडकत फिरावं लागतं, आणि काकांकडे पडलेला तसा लॅपटॉप प्रत्येकाच्या नशिबात नसतो.