साडेसात हजार तास भरून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

इंदूरमध्ये सपोर्टला नोकरी करून बिझनेस ॲनालिस्ट व्हायची धडपड करणाऱ्यांनी हे वाचावं. विजयनगरातल्या एका क्लासने माझ्याकडून अठ्ठेचाळीस हजार घेतले, ते 'सीबीएपी सर्टिफिकेशनसह कोर्स' असं सांगून. काउन्सेलर मराठीच निघाला. "ताई, सपोर्टचा अनुभव म्हणजे ॲनालिस्टचाच अनुभव, आपल्या माणसाला मी खोटं सांगेन का?" म्हणाला.

सीबीएपी ही परीक्षा आयआयबीए ही आंतरराष्ट्रीय संस्था घेते. तिला बसायलाच गेल्या दहा वर्षांत 7,500 तासांचं बिझनेस ॲनालिसिसचं काम लागतं. शिवाय संस्थेने या कामाचे सहा विभाग केलेत, त्यांतल्या निदान चार विभागांत प्रत्येकी 900 तास दाखवावे लागतात. वर्षाला साधारण दोन हजार तास धरले, तरी जवळपास चार वर्षं पूर्णवेळ हेच काम हवं. तिकीट उघडलं, उत्तर दिलं, बंद केलं, हे त्यात धरत नाहीत. एकच तक्रार पुन्हा पुन्हा का येते हे शोधलं, वापरणाऱ्यांशी बोलून सिस्टिममध्ये कोणता बदल हवा ते लिहून काढलं, तर तेवढेच तास चालतात. माझे असे तास फार थोडे होते, आणि काउन्सेलरला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

कोर्स संपल्यावर क्लासने मला एक एक्सेल शीट पाठवली. बँकेचा एक प्रोजेक्ट, त्यात माझं नाव, प्रत्येक विभागापुढे तास भरलेले, बेरीज बरोबर 7,520. त्या बँकेसाठी मी कधीच काम केलेलं नाही. वर मेसेज: "हे भरून टाका, कोणी तपासत नाही." तपासतात. अर्जात संदर्भ म्हणून माणसं द्यावी लागतात आणि काही अर्ज ऑडिटसाठी निवडले जातात. खोटं उघड झालं तर नाव माझं जाणार, क्लासचं नाही.

मी नकार दिल्यावर त्यांनी स्वतःचंच कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हातात ठेवलं. 'CBAP' ही अक्षरं ठळक, आणि 'तयारी वर्ग' हे शब्द खाली इतके बारीक की फोनवर झूम करून वाचावे लागले. खरं प्रमाणपत्र परीक्षा पास झाल्यावर आयआयबीएच देते, कुठलाही क्लास देऊ शकत नाही. अर्ज आणि परीक्षा फी आपण iiba.org वर आपल्याच खात्यातून भरतो. ते खातं क्लास स्वतः उघडून देतो म्हणाला, तर तिथेच उठा. आपल्यासारख्या नवख्यांसाठी त्याच संस्थेची ईसीबीए आहे, तिला कामाच्या अनुभवाची अट नाही. तिचं नावसुद्धा क्लासने काढलं नव्हतं.

फी परत मागितली तर "कोर्स तर झाला ना" एवढंच उत्तर आलं. मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. पावतीवर फक्त 'प्रशिक्षण' लिहिलंय, त्यामुळे सर्टिफिकेशनचं आश्वासन दाखवायला ती कामाची नाही. माझ्याकडचा खरा पुरावा म्हणजे ती एक्सेल शीट आणि काउन्सेलरचे व्हॉट्सॲप मेसेज, म्हणून तारखांसकट सगळं चॅट एक्स्पोर्ट करून जोडलंय. तुमचंही कोणाशी बोलणं चालू असेल, तर 'सर्टिफिकेशनसह' म्हणजे नेमकं काय ते त्यांच्याकडून पैसे देण्याआधी मेसेजवर लिहून घ्या.