डिस्कव्हरी की प्रोसेस? सीव्ही एकच, वाचणारे दोन

सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी झाली, वर एखादं पोस्टडॉक झालं, आता फार्मात जायचं आहे. या टप्प्यावर बहुतेक जण एकच सीव्ही दोन्हीकडे पाठवतात, नवे रेणू करून पाहणाऱ्या डिस्कव्हरी केमिस्ट्रीला आणि ठरलेला रेणू प्लँटवर किलोंनी करायची पद्धत बसवणाऱ्या प्रोसेस आर अँड डीला. मीही तेच केलं होतं. पुण्यात पीएचडी, जर्मनीत दोन वर्षं पोस्टडॉक, मग दुसऱ्या कंपन्यांसाठी संशोधन करून देणाऱ्या हैदराबादच्या एका सीआरओत दोन वर्षं डिस्कव्हरी, आणि तिथून एपीआय, म्हणजे औषधातला मूळ घटक, बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेसला. दोन्ही घरचं पाणी प्यायलो आहे, म्हणून लिहितो. अर्थात हा माझा अनुभव. तुमचा विषय बायोलॉजी किंवा फॉर्म्युलेशन असेल तर गणित वेगळं असेल.

माझ्या सीव्हीत सगळ्यात वर एक ओळ होती: सागरी नैसर्गिक संयुगाचं टोटल सिंथेसिस, 17 पायऱ्या, शेवटी 3 मिलिग्रॅम. विद्यापीठात ही ओळ वाचून माना डोलतात. कंपनीत ती दोन टेबलांवर दोन तऱ्हांनी वाचली गेली.

डिस्कव्हरीच्या टेबलावर तिचं स्वागत झालं, पण मला वाटलं होतं त्या कारणासाठी नाही. तिथलं रोजचं काम म्हणजे अमाइड कपलिंग, सुझुकी, एसएनएआर, बोकचं रक्षण आणि उच्चाटन. माझी अवघड सायक्लायझेशन तिथे फारशी कुणाला नको होती. वाचणारा एवढंच शोधत होता, की हा माणूस आठवड्याला किती नवी संयुगं शुद्ध करून देईल, प्रेप एचपीएलसी स्वतः चालवतो का, एखादी वाट बंद पडली तर किती दिवसांत दुसरी काढतो. माझ्या थीसिसमध्ये याचं उत्तर होतं, पण ते अकराव्या पानावर. शेवटच्या पाच पायऱ्या वापरून मी 14 अ‍ॅनालॉग केले होते, सगळे एचपीएलसीवर 95 टक्क्यांच्या वर. सीव्हीत त्यांचा उल्लेख ‘आणि संबंधित संयुगं’ एवढाच. ती ओळ वर आणल्यावर फोन यायला लागले.

प्रोसेसच्या टेबलावर 17 पायऱ्या ऐकून समोरचे गृहस्थ नुसते हसले. पहिला प्रश्न, मोठ्यात मोठी बॅच किती ग्रॅमची? दुसरा, त्यातल्या किती पायऱ्यांना कॉलम लागला? माझं उत्तर होतं, जवळजवळ सगळ्यांना. कॉलम प्लँटवर अशक्य नाही, पण सिलिका, सॉल्व्हेंट आणि वेळ यांचा खर्च पाहिला की कुणी त्याच्या वाटेला जात नाही. शुद्धता स्फटिकीकरणातूनच यावी लागते. मला नशिबाने वाचवलं ते चौथ्या पायरीने. तो इंटरमीडिएट पुढच्या सगळ्यांसाठी लागायचा, म्हणून मी एकेका वेळी 40 ग्रॅम करायचो. दोन किलो सिलिका आणि तीसेक लिटर सॉल्व्हेंट ओतून कंटाळलो, तेव्हा हेप्टेन आणि इथाइल अ‍ॅसिटेटमधून तो खाली पाडायला शिकलो. यील्ड 78 वरून 71 वर आलं, पण दीड दिवसाचं काम तीन तासांवर आलं. थीसिसमध्ये यावर एक वाक्य आहे. मुलाखतीत यावर पंचवीस मिनिटं गेली. मदर लिकरमध्ये काय उरलं, मास बॅलन्स केला होता का, दुसऱ्या बॅचला तसेच स्फटिक आले का? मदर लिकर मी तपासलं होतं, निव्वळ हावरेपणाने, गेलेले सात टक्के परत मिळतील म्हणून. ते उत्तर ऐकून गृहस्थांनी वही उघडली.

प्रोसेसवाले असं का विचारतात हे समजलं की सीव्ही आपोआप बदलतो. शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कवरून त्याच आकाराच्या हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरवर गेलं, की दर लिटरमागे थंड करायला मिळणारा पृष्ठभाग साधारण विसाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून ‘उणे 78ला ब्युटिल लिथियम घातलं’ या वाक्यात त्यांना कौशल्य दिसत नाही, अडचण दिसते. किती वेळात घातलं, तापमान किती चढलं, उणे 40ला चाललं असतं का, हे तुम्ही पाहिलं असेल तर ते लिहा. सॉल्व्हेंटचंही तसंच. डायक्लोरोमीथेन औषधात 600 पीपीएमच्या वर राहून चालत नाही, ही औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचची मर्यादा. तुम्ही एखाद्या पायरीत ते काढून टोल्युईन किंवा इथाइल अ‍ॅसिटेट वापरून पाहिलं असेल, यील्ड पडलं तरी, तर ती ओळ तुमच्या एखाद्या पेपरपेक्षा जड आहे. डिस्कव्हरीत हे कुणी विचारत नाही. तिथे पन्नास मिलिग्रॅम शुद्ध आणि शुक्रवारी हवं असतं.

अनुभवाच्या वर्षांबद्दल दोन्हीकडे सारखीच कटकट. माझी पीएचडीची वर्षं शून्य धरली गेली आणि पोस्टडॉकची अर्धी. त्यावर भांडून उपयोग झाला नाही.

इथपर्यंत पारडी जवळपास समान. पहिली नोकरी डिस्कव्हरीत मिळणं मला तरी सोपं गेलं, कारण विद्यापीठातलं काम त्याच मापाचं असतं. हाताला वेगही तिथेच येतो.

माझं मन फिरलं ते दोन वर्षांनी, सीव्ही पुन्हा लिहायला बसलो तेव्हा. सीआरओत काम एफटीईवर, म्हणजे क्लायंट केमिस्टच्या वेळेचे पैसे देतो; रचना त्याच्याकडून येतात, संयुग कुरिअरने जातं, आणि पुढे त्याचं काय झालं ते आपल्याला कळत नाही. ते एन्झाइमला चिकटलं का, उंदराच्या पोटात टिकलं का, काही नाही. रचना गोपनीय, टार्गेट गोपनीय. दोन वर्षांत दोनशेच्या आसपास संयुगं केली आणि कागदावर उतरलं ते एवढंच: ‘एफटीई पद्धतीत लक्ष्य संयुगांचं संश्लेषण’. शेजारच्या हूडवरच्या मुलाची ओळही शब्दशः हीच होती. दोघांत फरक कसा करायचा?

गोपनीयता प्रोसेसमध्येही आहे, रेणूचं नाव इथेही लिहिता येत नाही. पण रेणू झाकूनही काम दिसतं. पाच ग्रॅमवरून वीस किलोवर नेलं, एक कॉलम काढला, 0.10 टक्क्याच्या वर आलेली अनोळखी अशुद्धी कुठल्या कच्च्या मालातून येत होती ते शोधलं: हे नाव न सांगता सांगता येतं, आणि वाचणाऱ्याला पुरतं.

स्वतःचे रेणू शोधणाऱ्या कंपनीत, जिथे जैविक चाचण्यांचे आकडे केमिस्टच्या टेबलावर परत येतात, तिथे डिस्कव्हरी मिळत असेल तर माझं ऐकू नका, जा. तशा जागा कमी, पण आहेत. रचना बदलली की काय होतं याची ज्याला ओढ आहे, त्याला प्रोसेसमधली तीच ती पायरी चाळीस वेळा करणं शिक्षाच वाटेल.

बाकीच्यांनी, लॅब सोडायला दोन-तीन महिने उरले असतील तर, गाइडला विचारून आपली एक साधी पायरी तीस-चाळीस ग्रॅमवर दोनदा करून पाहा. कॉलमशिवाय. तापमान कागदावर टिपा, मदर लिकर फेकू नका.