बाळाचा ताप: महागडी कपाळाची गन, उसनं कानाचं मशीन आणि १८० रुपयांची काडी

"मॅडम, मशीन ओके आहे." कपाळावर धरून ताप मोजायची गन आकडा कमी दाखवते म्हणून पाठवली होती, तर सर्व्हिस सेंटरवाल्याचं हे एकच उत्तर. कुरिअरचे पैसे माझे, गन तशीच्या तशी परत. १,९०० रुपयांची वस्तू आहे, म्हणून एवढं लिहायला बसलेय. फीचर्स तुम्ही पेजवर वाचलेलीच असणार, मी फक्त घरात काय होतं ते सांगते.

तक्रार का केली तर एका संध्याकाळी बाळ नुसतं किरकिरत होतं, तळहात-तळपाय गार आणि पोट-पाठ चटका लागेल इतकी तापलेली. गन म्हणते ९७.९. सासूबाई म्हणाल्या ते खेळणं ठेव बाजूला आणि काडी लाव, म्हणजे काखेत धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर. काखेत १००.८! मग अर्ध्यापाऊण तासाने हातपाय गरम झाले तेव्हा गनपण १०१ च्या वर दाखवायला लागली. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतंच, आणि हे मला सर्व्हिसवाल्याने नाही, आमच्या बाळाच्या डॉक्टरांनी समजावलं. ताप चढत असतो तेव्हा शरीर उष्णता आत धरून ठेवायला कातडीकडचं रक्त कमी करतं, म्हणून हातपाय गार पडतात. गन कातडीतून बाहेर पडणारी उष्णता टिपते आणि त्यावरून आतल्या तापाचा अंदाज बांधते, कातडीच गार असेल तर अंदाज कमीच येणार. औषध दिल्यावर घाम फुटला की परत तेच, ओलं कपाळ म्हणजे आकडा खाली. पंख्याखाली झोपवलेलं असेल, बाहेरून उन्हातून आणलेलं असेल, तरी गडबड. त्यामुळे सर्व्हिसवाल्यावरचा माझा राग अर्धा उतरलाय, उरलेला अर्धा यासाठी की हे सगळं बॉक्सवर ठळक छापायला काय जातं?

आता काडी. हिच्यावर माझा जीव आहे पण हिचा तो बीप! एक तर इतका कर्कश की झोपलेलं बाळ दचकून उठतं (आवाज बंद करायची सोय नाही, का नाही?), आणि दुसरं म्हणजे तो लवकर वाजतो. आकडा वर चढायचा वेग मंदावला की बीप वाजतो, ताप पूर्ण मोजून झाला म्हणून नाही. काख उघडी असते तेव्हा ती आधी थोडी गारच असते, हात दाबून धरल्यावर हळूहळू आतून गरम होते. माझ्या काडीवर बीप झाला तेव्हा ९९.४ होता आणि तशीच धरून ठेवली तर दोनतीन मिनिटांत १००.२ झाला. तुमच्या काडीत बीपनंतर आकडा सरकतो का ते आधी स्वतःच्या काखेत लावून बघा. बाकी काख कोरडी पुसायची, टोक बरोबर खळग्यात, मध्ये झबल्याची बाही येऊ द्यायची नाही, आणि दंड अंगाशी धरून बाळाला मांडीवर घट्ट घेऊन बसायचं. दूध पीत असताना सगळ्यात सोपं जातं.

कानाचं मशीन नणंदेकडून आणलं होतं. बाळ लहान होतं तेव्हा दोन्ही कानांत वेगळे आकडे, एकाच कानात दोनदा घेतलं तरी वेगळे, म्हणून मी ते बोगस म्हणून परत देणार होते. पण सहा महिन्यांच्या आत कानाची नळी इतकी अरुंद असते की सेन्सरला पडद्याकडे नीट बघताच येत नाही, म्हणून त्या वयात ते वापरूच नये म्हणतात. आता बाळ मोठं झाल्यावर मात्र मत बदललं. कान हलकेच मागे ओढून नळी सरळ केली की आकडा काखेच्या जवळपास येतो, तोही सेकंदात. ज्या कुशीवर झोपलं होतं तो कान लगेच मोजायचा नाही, उशीने तापलेला असतो. तरी स्वतःचे तेवढे पैसे घालून मी घेणार नाही, नणंदेचं आहे तोवर ठीक.

डॉक्टरांना फोन केला की पहिला प्रश्न, "कुठे मोजला?" आमच्याकडे काखेच्या आकड्यात एक मिळवून सांगायची पद्धत होती, ती त्यांनी बंद करायला लावली. काखेत १००.२ तर तसंच सांगायचं, बेरीज आपण करायची नाही. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि १००.४ किंवा वर आला तर घरी परत परत मोजत बसायचं नाही, सरळ दवाखाना, मग रात्र असो.

गन आता रात्री न उठवता नुसतं बघायला वापरते, शंका आली की काडी. तिच्या सरफेस मोडवर, म्हणजे वस्तूंचं तापमान मोजायच्या सेटिंगवर, आंघोळीच्या पाण्याचा अंदाज घेता येतो, तेवढेच पैसे वसूल.

काडीत बटणाएवढा सेल असतो आणि माझ्या काडीचं झाकण नखाने निघतं. रांगणाऱ्या बाळाच्या हाती लागेल अशी ठेवू नका, गिळला असं वाटलं तरी ताबडतोब हॉस्पिटल.