पाकिटातलं कार्ड की फोनमधलं?

कोथरूडच्या किराणा दुकानाचं माझं लॉयल्टी कार्ड, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकाला दुकान देतं ते, आता फोनमध्येच असतं. गूगल वॉलेटमध्ये Add to Wallet, मग Loyalty card निवडायचं आणि प्लॅस्टिक कार्डाचा बारकोड कॅमेऱ्यासमोर धरायचा; झालं. पाकीट हलकं झालं, हे खरंच सुख आहे.

पण औषधांच्या दुकानाचं कार्ड तसं फोनवरून चालेना. तिथला स्कॅनर जुना, लाल रेघ मारणारा लेझरचा. तो कागदावरून परतणारा प्रकाश वाचतो. फोनची काच त्याला वाचता येत नाही. ब्राइटनेस वाढवूनही बीप वाजली नाही. शेवटी काउंटरवरच्या ताईंनी बारकोडखालचा नंबर टाइप केला. कॅमेऱ्याचा स्कॅनर असेल तिथे ही अडचण येत नाही.

जिमचं कार्ड मात्र प्लॅस्टिकचंच ठेवलंय. त्यात चिप आहे, बारकोडच नाही.