ओळखीने माणूस दिला, बक्षिसाची रक्कम मात्र माझ्याच पगारातून वसूल झाली

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींमध्ये कुशल माणूस मिळणे अवघड झाल्यापासून अनेक कारखाने आपल्याच कर्मचाऱ्यांना ‘ओळखीचा माणूस द्या आणि बक्षीस मिळवा’ असे सांगू लागले आहेत. या रेफरल योजनेत माझी जी फसवणूक झाली, ती मी तपशिलासह लिहीत आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलकडे नोकरी करणाऱ्या इतरांवर ती वेळ येऊ नये, एवढाच त्यामागील हेतू आहे.

मी ज्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे, तेथे 2024 च्या जुलैमध्ये सूचना फलकावर एक परिपत्रक लागले. व्हीएमसी मशीनवर सेटिंग करू शकणारा माणूस सुचवणाऱ्यास 20,000 रुपये मिळतील. त्यांपैकी निम्मी रक्कम नव्या माणसाचे 90 दिवस पूर्ण झाल्यावर पुढील महिन्याच्या पगारात आणि उरलेली तो कायम झाल्यावर दिली जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पात्रतेच्या अटीही होत्या. एचआर विभागातील आणि निवड करणाऱ्या अधिकाऱ्यांना योजना लागू नव्हती, उमेदवाराचा अर्ज मागील सहा महिन्यांत कारखान्याकडे आलेला नसावा आणि सुचवणाऱ्याने मुलाखतीपूर्वीच फॉर्म भरून द्यावा, एवढेच त्यात होते. माणूस लवकर सोडून गेला तर काय होईल, याविषयी एक शब्दही नव्हता. मी त्या परिपत्रकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता आणि पुढे माझ्या हाती असलेला सर्वांत भक्कम पुरावा तोच ठरला.

गडहिंग्लजकडचा एक परिचित तरुण या कामात तरबेज होता. फॉर्म भरून, एचआरची पोच घेऊन मी त्याचे नाव दिले आणि तो 1 ऑगस्टला रुजू झाला. नोव्हेंबरच्या पगारात पहिला हप्ता आला. हे बक्षीस पगाराचाच भाग धरले जात असल्याने त्यावर प्राप्तिकर कापला जातो. मी जुन्या करप्रणालीत 20 टक्क्यांच्या टप्प्यात असल्यामुळे उपकरासह 2,080 रुपये वजा होऊन माझ्या खात्यात 7,920 रुपये जमा झाले. इथपर्यंत सर्व नियमाप्रमाणे झाले.

जानेवारीअखेर त्याचे सहा महिने पूर्ण झाले, परंतु त्याला कायम करण्याऐवजी प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवल्याचे पत्र देण्यात आले. पत्रात कारण नव्हते. “दादा, कामात खोट असंल तर तोंडावर सांगा म्हटलं, तर कोणच काय बोलंना,” असे तो मला म्हणाला. दुसरा हप्ता ‘कायम झाल्यावर’ देय असल्याने तोही आपोआप पुढे गेला. योजनेतील खरी मेख येथे आहे. देयकाची तारीख रुजू होण्याच्या दिवसाशी जोडलेली असेल, तर ती कोणाला हलवता येत नाही. ती कायम होण्याशी जोडलेली असेल, तर पैसे कधी द्यायचे हे पैसे देणाराच ठरवतो, कारण कायम करणारा तोच असतो.

एप्रिलअखेर कामाच्या ऑर्डरी कमी झाल्याचे सांगून त्याला घरी बसवण्यात आले. त्याने स्वतः नोकरी सोडली नव्हती आणि त्याच्या कामाबद्दल तक्रारही नव्हती. मे महिन्याच्या माझ्या पगारपत्रकात मात्र कपातीच्या रकान्यात ‘इतर वसुली 10,000’ अशी ओळ दिसली. विचारणा केली असता एचआर अधिकाऱ्यांनी धोरणाची छापील प्रत पुढे केली. सुचवलेल्या कर्मचाऱ्याची सेवा एका वर्षाच्या आत ‘कोणत्याही कारणाने’ संपल्यास दिलेली रक्कम वसूल करण्यात येईल, असे कलम तीत होते. मी शेवटचे पान पाहिले. तळाशी बारीक अक्षरांत ‘सुधारित आवृत्ती, लागू दिनांक 1 जानेवारी 2025’ असे छापलेले होते. म्हणजे मी माणूस दिला, तो रुजू झाला, पहिला हप्ता मिळाला आणि त्यानंतर वसुलीचे कलम जन्माला येऊन मागील व्यवहारालाही लावण्यात आले. ही सुधारणा कोणालाही कळवलेली नव्हती आणि तिच्यावर माझी सही नव्हती.

रकमेचा हिशेबही नीट समजून घेण्यासारखा आहे. मला हातात 7,920 रुपये मिळाले होते, वसुली मात्र 10,000 रुपयांची झाली. ही रक्कम पगारपत्रकात मिळकतीच्या बाजूला वजा दाखवली असती, तर चालू वर्षाचे माझे करपात्र उत्पन्न तेवढ्याने कमी झाले असते. ती कपातीच्या बाजूला टाकल्यामुळे करपात्र उत्पन्न होते तेवढेच राहिले. त्यात 31 मार्च मध्ये येऊन गेल्याने मागील वर्षाच्या फॉर्म 16 मध्ये ते 10,000 रुपये माझे उत्पन्न म्हणून कायमचे नोंदले गेले. कारखान्याला एक कुशल कारागीर नऊ महिने मिळवून दिल्याबद्दल मी स्वतःच्या खिशातून 2,080 रुपये भरले, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

मी लेखी हरकत दिली. योजना स्वीकारताना जी अट नव्हती ती नंतर लावता येणार नाही, सेवा कारखान्याने संपवली असल्याने ‘सोडून जाणे’ हा प्रकारच घडलेला नाही आणि माझ्या लेखी संमतीशिवाय पगारातून वसुली करू नये, हे तीन मुद्दे मी परिपत्रकाच्या फोटोसह मांडले. त्या वेळी लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियम 1936 चे संरक्षण दरमहा 24,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच होते आणि माझा पगार त्याहून अधिक असल्याने तो मार्ग मला बंद होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता 2019 लागू झाली असून तिच्यातील कपातीचे नियम अशा पगारमर्यादेत अडकलेले नाहीत. पगारातून कोणत्या कारणांसाठी कपात करता येते ती कारणे संहितेत ठरलेली आहेत आणि एका वेतनकाळातील एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही.

माझ्या शेजारच्या विभागातील एका सहकाऱ्याला तर वेगळ्याच रीतीने डावलले गेले. त्याने दिलेल्या माणसाला कंत्राटदाराच्या नावावर घेतले आणि ‘तो कंपनीच्या पटावर नाही’ असे सांगून सहकाऱ्याला अपात्र ठरवले. काम तेच, मशीन तेच, फक्त हजेरीपत्रक दुसऱ्याचे.

म्हणून नाव देण्यापूर्वी एचआरला ईमेल करून उत्तर लेखी मागवावे: ‘आज लागू असलेली धोरणाची आवृत्ती कोणती, उमेदवार कोणाच्या पटावर असेल, दुसरा हप्ता रुजू झाल्यापासून किती महिन्यांनी देय आहे, प्रोबेशन वाढल्यास तो थांबेल का, कंपनीने स्वतः काढून टाकल्यास वसुली होईल का आणि झाल्यास ती कर वजा जाता मिळालेल्या रकमेची होईल की पूर्ण रकमेची.’ हप्ता मिळण्याच्या दिवशी आपण स्वतः नोटीस पिरियडमध्ये असलो तर काय, हेही त्यातच विचारावे, कारण अनेक धोरणांमध्ये अशा वेळी रक्कम बुडते. उत्तर तोंडी मिळाले, तर ‘आपण असे सांगितले’ म्हणून तेच परत ईमेलने कळवावे.

माझ्या हरकतीनंतर ऑगस्टच्या पगारात 10,000 रुपये परत आले, तेही ‘विशेष बाब म्हणून’ असा शेरा मारून. या वेळी ते मिळकतीच्या बाजूला दाखवल्यामुळे त्यावर पुन्हा कर कापला गेला. त्याविषयीचा माझा दुसरा अर्ज लेखा विभागाकडे आहे. दुसऱ्या हप्त्याबद्दल, उमेदवार कधीच कायम झाला नसल्याने प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर मला मिळाले आहे.