सिसप्लॅटिन चालू असताना कानाची कोणती तपासणी करावी: उच्च-वारंवारिता ऑडिओमेट्री की ओएई?

कर्करोगावरचं सिसप्लॅटिन किंवा अमिकासिनसारखी प्रतिजैविकं आधी आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी मारतात, आणि तेही उंच स्वरांच्या टोकाकडून. म्हणून ८ किलोहर्ट्झपर्यंतची नेहमीची ऑडिओमेट्री, म्हणजे स्वर ऐकवून घेतलेली श्रवणचाचणी, नुकसान उशिरा दाखवते.

९ ते १६ किलोहर्ट्झची ऑडिओमेट्री ते लवकर पकडते. समजा, पहिल्या डोसआधी १२.५ किलोहर्ट्झचा स्वर २५ डेसिबलला ऐकू येत होता आणि औषधाच्या पुढच्या सायकलआधी त्याला ४५ लागले. एकाच स्वरावर २० डेसिबलची घट, किंवा शेजारच्या दोन स्वरांवर १० ची, म्हणजे बदल खरा. मात्र २४ तासांत पुन्हा मोजून खात्री करावी. अडचण अशी की रुग्णाला बटण दाबावं लागतं. थकलेल्या, मळमळणाऱ्या माणसाचे आकडे डगमगतात.

ओएईत, म्हणजे ओटोअकूस्टिक एमिशन चाचणीत, रुग्णाने फक्त शांत राहायचं. काही मिनिटांत केसपेशींचा प्रतिध्वनी मोजला जातो. पण मधल्या कानात पाणी असेल तर तो नाहीसा होतो आणि दोष औषधावर जातो, म्हणून सोबत मधला कान तपासणारी टिंपॅनोमेट्री हवीच. शिवाय ऐकू किती येतं, हे ओएई सांगत नाही.

सहकार्य करू शकणाऱ्या मोठ्यांसाठी ऑडिओमेट्री घ्या. तान्ही मुलं आणि अतिदक्षता विभागातले रुग्ण यांच्यासाठी ओएई. आधीच ऐकू कमी येणाऱ्यांत प्रतिध्वनी बहुधा नसतोच. तिथे ऑडिओमेट्रीच कामाची.